पावणेदहा तासांचे सव्वाआठ कसे होतात?

दुबई, शारजा, अबू धाबीच्या साईटवर आजही टाइमशीट कागदावरच भरली जाते. सकाळी हजेरी, संध्याकाळी फोरमनची सही, महिनाअखेर गठ्ठा ऑफिसात. ऑफिसातला माणूस ते आकडे कॉम्प्युटरवर चढवतो आणि तिथेच आपल्या मजुरीला गळती लागते. कारण कागदावर असतात तास आणि मिनिटं, आणि पगाराच्या हिशोबाला लागतात दशांश तास. या दोघांमध्ये एक टिंब आहे. त्या टिंबाबद्दल आज बोलायचं आहे.

फोरमन १ तास ४० मिनिटं ओव्हरटाइम "1.40" असा लिहितो. त्यात त्याचं चुकलं असं नाही, घड्याळातली वेळ आपण सगळेच तशी लिहितो. पण पगाराच्या शीटमध्ये 1.40 म्हणजे एक तास आणि तासाचे शंभरातले चाळीस भाग, म्हणजे फक्त २४ मिनिटं. उरलेली १६ मिनिटं कुठे गेली? कुठेच नाही. ती तुम्ही काम करून दिलीत आणि कोणी मोजली नाहीत. तासाची मिनिटं साठ असतात, शंभर नाहीत. म्हणून ४० मिनिटं म्हणजे ४० भागिले ६०, म्हणजे 0.67 तास. एक तास चाळीस मिनिटांचे 1.67 होतात, 1.40 नाही.

खरं तर मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. "साडेआठ वाजले" म्हटलं की आपण 8.30 लिहितो, आणि "साडेआठ हजार" म्हटलं की ८,५०० लिहितो. साडे तेच, पण घड्याळात तीस आणि हिशोबात पन्नास. पाव, अर्धा, पाऊण हे आपल्या बोलण्यातच आहेत. पाव म्हणजे 0.25, मग घड्याळ १५ मिनिटं दाखवो. पाऊण म्हणजे 0.75, मग घड्याळ ४५ दाखवो. एवढं डोक्यात पक्कं असलं तर स्लिपवरची अर्धी चोरी नुसत्या नजरेने दिसते.

आता एक आठवडा मांडून बघू. एका सुताराचा बेसिक १,२०० दिरहम आहे असं धरा. ३० दिवस आणि दिवसाचे ८ तास धरले तर तासाचे ५ दिरहम होतात. अमिरातीच्या कामगार कायद्यात (२०२१ चा फेडरल डिक्री-लॉ क्रमांक ३३) ओव्हरटाइमला बेसिकच्या दरावर किमान २५ टक्के जास्त द्यावे लागतात, म्हणजे तासाला ६.२५ दिरहम. रात्री दहा ते पहाटे चारचा ओव्हरटाइम असेल तर वाढ ५० टक्के, शिफ्टवाल्यांना सोडून. आपण संध्याकाळचाच धरू. सहा दिवसांचा ओव्हरटाइम कागदावर असा आहे:

सोमवार १ तास ४० मिनिटं
मंगळवार १ तास ५०
बुधवार १ तास २५
गुरुवार १ तास ५५
शुक्रवार १ तास ३५
शनिवार १ तास २०

सगळ्याची मिनिटं करा: १००, ११०, ८५, ११५, ९५, ८०. बेरीज ५८५ मिनिटं. भागिले ६०, उत्तर 9.75, म्हणजे पावणेदहा तास. ६.२५ ने गुणलं की ६०.९४ दिरहम.

ऑफिसात काय होतं? 1.40, 1.50, 1.25, 1.55, 1.35, 1.20 असे आकडे जसेच्या तसे टाइप होतात. कॉम्प्युटर बेरीज बरोबरच करतो: 8.25. पावणेदहाचे सव्वाआठ झाले. पैसे ५१.५६ दिरहम. आठवड्याला दीड तास आणि ९ दिरहम ३८ फिल्स गेले.

"नऊ दिरहमसाठी कशाला भांडतोस?" हा प्रश्न आपलीच माणसं विचारतात, म्हणून त्याचं उत्तर देतो. असे चार आठवडे गेले तर साडेसदतीस दिरहम. त्याच साईटवर असाच ओव्हरटाइम करणारे चाळीस जण असले तर महिन्याला १,५०० दिरहम. म्हणजे एका सुताराच्या अख्ख्या महिन्याच्या बेसिकपेक्षा जास्त. कंपनीला दर महिन्याला एक माणूस फुकट मिळतो, आणि तो माणूस आपणच चाळीस जण मिळून असतो.

"अकाउंट्सवाल्याची चूक झाली असेल" हे दुसरं उत्तर. चूक असेलही. पण चूक कधी इकडे होते, कधी तिकडे. ही चूक नेहमी एकाच बाजूला पडते. मिनिटांना साठऐवजी शंभराने भागलं की उत्तर कायम कमीच येणार, जास्त कधीच येणार नाही. एकच अपवाद आहे आणि तो प्रामाणिकपणे सांगायला हवा. ओव्हरटाइम वेगळा न लिहिता "आत" आणि "बाहेर"च्या वेळा टिंब देऊन वजा केल्या, तर कधी कधी उलटं होतं. ८.४० ला आत, १७.१० ला बाहेर: खरे साडेआठ तास, पण वजाबाकी 8.70 दाखवते. बाहेरची मिनिटं आतल्या मिनिटांपेक्षा कमी असली की असं होतं. पण आपल्या साईटची सुरुवात बहुतेक ठोक्याला असते, सहा किंवा सात. आतली मिनिटं शून्य, म्हणून तोटा पुन्हा आपलाच. शिवाय कंपनीला जास्त पैसे जायला लागले असते तर ही "चूक" किती महिने टिकली असती, याचा विचार ज्याने त्याने करावा.

दुसरी गळती राउंडिंगची. इथे टिंब बरोबर असतं, पण रोजच्या रोज शेपूट कापलं जातं. आपलाच आठवडा घ्या. रोजचा आकडा एका दशांशावर कापून ठेवला तर 1.6, 1.8, 1.4, 1.9, 1.5, 1.3. बेरीज 9.5, म्हणजे पंधरा मिनिटं गायब. काही ठिकाणी तर "अर्धा तास पूर्ण झाला तरच धरू" असा नियम सांगतात. मग १.५, १.५, १, १.५, १.५, १ होऊन आठच तास उरतात. याला राउंडिंग म्हणत नाहीत. जवळच्या अर्ध्या तासाला नेलं असतं तर १ तास ५० चे दोन आणि १ तास २५ चे दीड झाले असते, आणि या आठवड्याची बेरीज दहा आली असती. खाली ढकलायचं आणि त्याला राउंडिंग म्हणायचं, ही भाषेची हातचलाखी आहे.

दोन दशांश ठेवून रोज नीट राउंड केलं तर या आठवड्यात बेरीज 9.75 बरोबर येते. पण रोज १ तास २० चा ओव्हरटाइम असेल तर रोज 1.33 धरला जातो. २६ दिवसांचे 34.58 होतात आणि खरे असतात 34.67. पाच मिनिटंच जातात, पण जातात. म्हणून नियम एकच: आधी मिनिटांची बेरीज, मग साठने एकदाच भागाकार, आणि राउंडिंग शेवटी पैशाला. मधे कुठेही नाही.

"सिस्टिमच तशी आहे" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. शीटमध्ये वेळ टिंबाने न टाकता 1:40 अशी टाकायची आणि खाली एवढंच लिहायचं:

```
=SUM(B2:B27)*24
```

एक्सेल वेळ ही दिवसाचा भाग म्हणून साठवतो, म्हणून २४ ने गुणलं की दशांश तास मिळतात. ज्या खान्यात उत्तर येतं त्याचा प्रकार साधा आकडा ठेवायचा, वेळ नाही. नाहीतर तिसरी गळती लागते. २४ ने न गुणता नुसती बेरीज केली आणि खान्याचा फॉरमॅट `h:mm` असला, तर चोवीस तासांनंतर आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होतो. महिन्याचे ३९ तास तिथे 15:00 दिसतात. पूर्ण तास बघायचे तर `[h]:mm` लागतो.

आपली स्लिप कशी ओळखायची? कॉम्प्युटरवर चढवलेल्या रोजच्या नोंदींची महिन्याची प्रिंट मागा आणि टिंबानंतरचे आकडे वाचा. खरे दशांश असतील तर .67, .75, .83, .92 असे आकडे मधे मधे दिसणारच. महिनाभरात .59 च्या वर एकही आकडा नसेल तर ते घड्याळ आहे, दशांश नाही. सगळे आकडे .00 आणि .50 च असतील तर कात्री चालली आहे. प्रिंट देत नसतील तर स्वतःची मिनिटं जोडून साठने भागा आणि स्लिपवरच्या ओव्हरटाइमच्या आकड्याशी ताडून बघा.

पण त्यासाठी मूळ कागद हवा. फोरमनची सही झाली की लगेच त्या पानाचा फोटो काढा. पुढच्या महिन्यापासून फोरमनला टिंबाऐवजी "1h 40m" लिहायला सांगा, त्यात त्याचं काही जात नाही. जेवणाची सुट्टी कामाच्या तासांत धरली जात नाही, तेव्हा ती आधी वजा करूनच हिशोब मांडा. आपला आकडा खोटा ठरायला एक चुकलेली सुट्टीही पुरते. तक्रार लिहिताना "पगार कमी आला" असं मोघम लिहू नका. तारीख, कागदावरची मिनिटं, त्यांची बेरीज, भागिले साठ, स्लिपवरचा आकडा आणि फरक, एवढंच एका पानावर लिहा. आधी अकाउंट्सला द्या, दाद मिळाली नाही तर तेच पान कामगार मंत्रालयाच्या तक्रारीला जोडा.

आणखी एक गोष्ट. कायद्यात दिवसाला दोन तासांच्या वर ओव्हरटाइम साधारणपणे घेता येत नाही, आणि तीन आठवड्यांत एकूण १४४ तासांची मर्यादा आहे. आठवड्याचे ४८ नियमित तास तीनदा केले की १४४ तिथेच भरतात. म्हणजे दर आठवड्याला पावणेदहा तास ओव्हरटाइम घेणं हाच मर्यादेचा भंग आहे. त्याचे सव्वाआठ दाखवले की मजुरी कमी होते आणि भंगही लहान दिसतो. मर्यादा मोडली म्हणून केलेल्या कामाचे पैसे बुडत नाहीत, हे मात्र कोणी उलटं सांगितलं तर मान्य करू नका.

कंपन्यांकडे आमची मागणी मोठी नाही. टाइमशीटवर मिनिटांचा वेगळा रकाना ठेवा, भागाकार महिन्यातून एकदाच करा आणि स्लिपवर एकूण मिनिटं छापा. घाम मिनिटांनी गाळून घेता, तर पैसेही मिनिटांनीच मोजा.