जे कुणी विचारलंच नाही

‘ताई, जुलैत माझं अकराव्या आठवड्यात पोट पडलं. सोनोग्राफीत बाळाचे ठोके नव्हते, वाढ आठ आठवड्यांचीच होती. पिशवी साफ करून दुसऱ्या दिवशी घरी आले. सासूबाई म्हणाल्या, “झालं ते झालं, बाहेर कुणाला सांगू नकोस.” तेव्हापासून घरात कुणी एक शब्द काढलेला नाही. त्या आठवड्यात मी गव्हाचं पोतं सरकवलं होतं, तेच मनाला खातं. हे विषय काढला की उठून जातात. दिवाळीनंतर धाकट्या जावेचं डोहाळजेवण आहे. ओटी भरायला मला उभं राहवेल का?’

एका भगिनीचं हे पत्र. नाव अर्थातच देत नाही.

बाई, आधी त्या पोत्याचं बघू. वाढ आठ आठवड्यांची होती, याचा अर्थ तुम्ही पोत्याला हात लावलात त्याच्या बरंच आधी ती थांबलेली होती. रक्तस्राव मात्र पुष्कळदा दोन-तीन आठवड्यांनी सुरू होतो, आणि मग आपण शेवटच्या दोन दिवसांत काय केलं ते आठवत बसतो. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ पडतो तो निम्म्याहून अधिक वेळा गुणसूत्रांच्या जुळणीतल्या चुकीमुळे. ही चूक योगायोगाने होते. उचलण्याने, जिने चढण्याने किंवा पपईच्या फोडीने नाही. दिवस गेल्याचं कळलेल्या साधारण सात-आठ जणींत एकीच्या वाट्याला हे येतं. तुमच्या गल्लीतही अशा असतील, फक्त त्या बोलत नाहीत.

त्या का बोलत नाहीत? तीन महिने होईपर्यंत सांगायचं नाही, ही आपल्याकडची रीत. गोड बातमीच सांगितलेली नसते, तर दुःखाची कशी सांगणार? घरात कुणी गेलं की लोक समाचाराला येतात, दहावं-तेरावं होतं, रडायला जागा मिळते. इथे त्यातलं काहीच नाही. जुन्या धर्मशास्त्रात गर्भस्रावानंतर जितके महिने तितक्या रात्रींचं अशौच सांगितलं आहे, पण तेही आईपुरतंच. म्हणजे घडलं ते एकटीचंच, अशी समजूत जुनीच म्हणायची. दवाखान्यातून आल्यावर ‘पिशवी साफ केली’ एवढंच बोललं जातं, जणू काही गेलंच नाही.

पण सासूबाईंचं गप्प बसणं म्हणजे निष्ठुरपणाच, असं धरून चालू नका. त्या पिढीतल्या कितीतरी बायकांचं असंच गेलेलं आहे आणि त्यांनाही ‘सांगू नकोस’ हेच ऐकावं लागलं. दुपारी दोघीच भाजी निवडत असाल तेव्हा एकदा विचारून बघा, “आई, तुमच्या वेळी कधी असं झालं होतं का?” उत्तर येईलच असं नाही. पण आलं, तर तुमच्या घरातली पहिली समाचाराची बाई तीच ठरेल.

यजमानांचं वेगळं. आपण रडलो तर ही आणखी खचेल, या भीतीने पुरुष उठून जातात. त्यांना समोर बसवून ‘बोला’ म्हणू नका. रात्री चालायला निघाल्यावर एकच वाक्य सांगा : “मला उपाय नको, फक्त दहा मिनिटं ऐका.” तुमची तारीख फेब्रुवारीत असणार. तो दिवस दोघांनी आधीच ठरवून एकत्र काढा. देवळात जा, एखादं झाड लावा, पण तो दिवस नकळत अंगावर येऊ देऊ नका.

आता डोहाळजेवण. जावेला आधीच एकटीला गाठून सांगा, “तुझा आनंद मला हवाच आहे, पण ओटी भरताना माझे डोळे भरतील. मी सकाळी येऊन स्वयंपाकाला हातभार लावते, कार्यक्रमाला थांबले नाही तर राग मानू नकोस.” आयत्या वेळी डोकं दुखण्याचं निमित्त काढलंत तर मात्र लोक हेवा म्हणतील.

एक मात्र लक्षात ठेवा. रडू येणं, मधेच आठवण येणं, हे महिनोन्‌महिने चालतं आणि त्यात आजार नाही. पण दोन आठवडे सलग झोप नाही, जेवण नको, कशातच मन नाही, सगळं माझ्यामुळेच झालं हा विचार सुटत नाही, असं असेल तर डॉक्टरांना दाखवा. जीव नकोसा वाटला तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा; 14416 हा सरकारचा मोफत दूरध्वनी आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

आणि वाचक भगिनींनो, तुमच्या शेजारणीचं असं झालं तर ‘देवाची इच्छा’, ‘अजून वय आहे, दुसरं होईल’ असं म्हणू नका. गेलेलं बाळ दुसऱ्याने भरून निघत नाही. डब्यात गरम वरणभात घेऊन जा आणि म्हणा, “ऐकलं गं. फार वाईट वाटलं.” मग ती बोलेल तर ऐका, नाही बोलली तर नुसत्या बसा.