‘तुमचा अनुभव जास्त आहे’ म्हणजे नेमकं काय? मॅनेजरपदावरून खालच्या पदासाठी अर्ज करताना कंपनीला पडणारे तीन प्रश्न

पुण्यातल्या हिंजवडी-खराडी पट्ट्यात सध्या एक वाक्य बऱ्याच जणांच्या कानावर पडतंय. ‘सर, तुमचं प्रोफाइल खूप चांगलं आहे, पण या रोलसाठी तुम्ही ओव्हरक्वालिफाइड आहात.’ त्यानंतर फोन येत नाही. पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून डिलिव्हरी मॅनेजर झालेला माणूस पुन्हा सीनिअर डेव्हलपर व्हायला निघाला, की त्याला हे उत्तर मिळतं. कधी त्याची मॅनेजरची जागाच गेलेली असते, तर कधी त्याला स्वतःलाच एक्सेल शीट आणि एस्कलेशन कॉलचा कंटाळा आलेला असतो.

हे उत्तर ऐकून बहुतेक जण दोनपैकी एक चूक करतात. काही जण रेझ्युमेमधली वर्षं लपवतात. काही जण ‘मी कोणतंही काम करायला तयार आहे’ असं सांगून टाकतात. दोन्हींमुळे नुकसानच होतं, कारण कंपनीला पडलेल्या प्रश्नांची उत्तरं त्यात नसतात.

कंपनीला नेमकी कसली भीती असते?

‘ओव्हरक्वालिफाइड’ हे कारण नसतं, ते कारणावर घातलेलं सभ्य झाकण असतं. त्याखाली साधारण तीन प्रश्न असतात. हा माणूस सहा महिन्यांत सोडून जाईल का? कमी पगारात तो मनापासून काम करेल का? आणि इतकी वर्षं दुसऱ्यांकडून काम करून घेतल्यावर आता स्वतःच्या हाताने करेल का, तेही वयाने लहान मॅनेजरच्या हाताखाली?

पहिल्या प्रश्नाला संशोधनाचाही आधार आहे. ‘अॅडमिनिस्ट्रेटिव्ह सायन्स क्वार्टर्ली’ या नियतकालिकात २०२० मध्ये आलेल्या अभ्यासात भरती करणाऱ्या मॅनेजरांवर चार प्रयोग करण्यात आले. अधिक सक्षम उमेदवाराची कंपनीशी बांधिलकी कमी असेल, असं मॅनेजर गृहीत धरतात आणि त्यामुळे त्याला मागे टाकतात, असं त्यात दिसलं. त्याला बाहेर पर्याय बरेच असतील आणि आपल्या कंपनीच्या कामात त्याला फारसा रस नसेल, असा त्यांचा समज असतो. म्हणजे ‘मी किती मोठी कामं केली’ हे जितकं ठासून सांगावं, तितका हा संशय वाढू शकतो.

एक उदाहरण घेऊया

समजा, एका सर्व्हिस कंपनीतल्या डिलिव्हरी मॅनेजरला १७ वर्षांचा अनुभव आहे. हाताखाली ३८ जण. पॅकेज ३४ लाख, त्यातले ५ लाख व्हेरिएबल. सुरुवातीची नऊ वर्षं त्याने जावामध्ये काम केलं, आणि गेली दोन वर्षं टीममधल्या अडलेल्या कामांच्या निमित्ताने पुन्हा कोड लिहायला घेतला. आता तो एका प्रॉडक्ट कंपनीत सीनिअर सॉफ्टवेअर इंजिनीअरच्या जागेसाठी अर्ज करतोय. जाहिरातीत अनुभव ६ ते १० वर्षं मागितलाय आणि पगाराचा बँड १८ ते २४ लाख आहे.

पहिली अडचण अर्ज माणसाच्या हाती पडण्याआधीच येते. नोकरीच्या पोर्टलवर रिक्रूटर अनुभव, सध्याचा पगार आणि नोटीस पीरियड हे फिल्टर लावतो. ६ ते १० वर्षांचा फिल्टर लागला, की १७ वर्षांचं प्रोफाइल यादीत दिसतच नाही. त्यामुळे अशा उमेदवाराने पोर्टलच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. ओळखीतल्या कुणाकडून रेफरल मिळवणं किंवा त्या टीमच्या प्रमुखाला थेट लिहिणं, हाच खरा मार्ग उरतो.

लिहायचं काय? तीन-चार वाक्यं पुरेशी होतात, पण संशयाचा विषय त्यात स्वतःहून काढलेला हवा. उदाहरणार्थ: ‘मी सध्या ३८ जणांची टीम सांभाळतो, तरीही इंजिनीअरच्या जागेसाठी अर्ज करतोय, याचं कारण सांगतो. गेली दोन वर्षं पेमेंट मॉड्यूलचं काम मी स्वतः करतोय आणि पुढची वर्षं मला हेच करायचं आहे. तुमचं प्रॉडक्ट पेमेंटचंच आहे. जाहिरातीतला पगाराचा बँड मी पाहिला असून तो मला मान्य आहे.’ यात आर्जव नाही आणि फुशारकीही नाही. ‘हीच जागा का’ याचं उत्तर मात्र आहे, आणि मुलाखतीत ते तपासून पाहता येतं.

रेझ्युमे: लपवायचं नाही, प्रमाण बदलायचं

वर्षं लपवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो धोक्याचा आहे. ऑफर दिल्यावर कंपन्या पार्श्वभूमी तपासतात. त्यात रिलीव्हिंग लेटर मागितली जातात आणि पीएफच्या यूएएन खात्यातली सर्व्हिस हिस्टरीही पाहिली जाते. कोणत्या कंपनीत कधी लागलात आणि कधी सोडलं, ते तिथे दिसतं. रेझ्युमेमध्ये दहा वर्षं आणि खात्यात सतरा दिसली, तर मिळालेली ऑफरही मागे घेतली जाऊ शकते. पदनाम बदलून ‘मॅनेजर’चं ‘इंजिनीअर’ करणं हाही तसाच प्रकार.

तारखा आणि पदनाम तसंच ठेवून कशाला किती जागा द्यायची, हे मात्र उमेदवाराच्या हातात असतं. वरच्या उदाहरणातल्या माणसाच्या जुन्या रेझ्युमेची पहिली ओळ होती: ‘१७ वर्षांचा अनुभव असलेला नेतृत्वकुशल डिलिव्हरी मॅनेजर’. नव्यात ती होते: ‘जावा बॅकएंड इंजिनीअरिंग, सध्या डिलिव्हरी मॅनेजर, पेमेंट मॉड्यूलचं काम स्वतः’. पहिल्या पानावर गेल्या दोन वर्षांत स्वतः लिहिलेला कोड, सोडवलेली अडचण आणि त्याचा परिणाम येतो. बजेट, टीमचा आकार, क्लायंटच्या बैठका हे सगळं दोन ओळींत आटोपतं. दहा वर्षांपूर्वीच्या नोकऱ्यांना कंपनी, पद आणि तारखा एवढंच पुरे. नेतृत्वाचे पुरस्कार आणि मॅनेजमेंटची सर्टिफिकेट या अर्जातून सरळ वगळावीत. त्यात लपवाछपवी नाही, कारण ती या कामासाठी कुणी मागितलेलीच नाहीत.

एचआरचा पहिला फोन

बहुतेक अर्ज इथे पडतात. पाच-दहा मिनिटांच्या या फोनवर सध्याचं पॅकेज, अपेक्षा आणि नोटीस पीरियड विचारला जातो. उमेदवार ‘३४ लाख’ म्हणतो आणि अपेक्षेबद्दल ‘निगोशिएबल’ म्हणून थांबतो. समोरची व्यक्ती मनात त्यावर ‘महाग’ असा शिक्का मारते.

त्यापेक्षा आकडा खरा सांगून लगेच पुढचं वाक्य बोलावं: ‘माझं सध्याचं पॅकेज ३४ आहे, पण या जागेचा बँड मला ठाऊक आहे. २२ लाखांवर मी येईन.’ हे म्हणण्याआधी घरी बसून हिशोब झालेला असला पाहिजे. या उदाहरणात हातात येणारी रक्कम महिन्याला साधारण १ लाख ८० हजारांवरून १ लाख ४० हजारांवर येते, शिवाय व्हेरिएबल जातं ते वेगळंच. घराचा हप्ता ५२ हजार आणि मुलांच्या फीसह घरखर्च ६० हजार असेल, तर महिना निघतो, पण शिल्लक फार उरत नाही. हे घरातल्यांशी बोलून ठरवलेलं असेल, तर फोनवर आवाज डळमळत नाही. ‘हप्ता आणि खर्च धरून हिशोब केलाय, घरी बोलणं झालंय’ हे एक वाक्य ‘पैसा माझ्यासाठी महत्त्वाचा नाही’पेक्षा कितीतरी विश्वासार्ह वाटतं. पैसा महत्त्वाचा नाही, यावर कुणाचाच विश्वास बसत नाही.

मुलाखतीत ‘मी’ आणि ‘आम्ही’

मॅनेजरपदावरून आलेल्यांना एक सवय नडते. प्रश्न असतो, ‘हा बग कसा शोधलात?’ आणि उत्तर येतं, ‘मी टीमला कामाला लावलं, रोज फॉलोअप घेतला.’ इथेच तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कंपनीला मिळून जातं, आणि ते नको तेच असतं. कोणता लॉग पाहिला, कुठे चुकीचा अंदाज बांधला, शेवटी कोणती ओळ बदलली, हे सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल, तर अडचण अनुभव जास्त असण्याची नसून हात गंजल्याची आहे. त्यावर उपाय सरावाचा आहे; रेझ्युमे कितीही सुधारला तरी तो भागत नाही.

‘तुमचा मॅनेजर तुमच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान असेल, चालेल का?’ हा प्रश्न येतोच. ‘मला इगो नाही’ हे उत्तर सगळेच देतात. त्याऐवजी घडलेला प्रसंग सांगावा: चार वर्षांच्या अनुभवाच्या मुलीने रिव्ह्यूमध्ये आपला कोड परत पाठवला, तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि तो आपण बदलला.

गाडी रुळावरून घसरतेय, हे ओळखताही येतं. प्रश्न कोडवरून सतत टीम सांभाळण्याकडे वळू लागले, किंवा ‘तुमच्यासाठी दुसरा रोल बघतो’ असं कुणी म्हणालं, की मनात संशय उरलाय असं समजावं. तिथेच विचारून टाकावं: ‘मी या जागेवर टिकेन का, अशी शंका आहे का?’ शंका बोलून दाखवली गेली, तर तिला उत्तर तरी देता येतं.

कुठे काहीच चालत नाही?

काही कंपन्यांत ग्रेड वर्षांवर बांधलेली असते. सतरा वर्षांच्या माणसाला आठ वर्षांच्या ग्रेडमध्ये बसवायची सोयच नसते. तिथे कितीही चांगलं पत्र लिहिलं तरी उपयोग नाही. पुढच्या कंपनीकडे वळावं.

आणखी एक मर्यादा उमेदवाराच्या बाजूची आहे. मॅनेजरची नवी जागा मिळेपर्यंत तात्पुरता आसरा हवा असेल, तर कंपनीची भीती खरीच ठरते. मग कायम नोकरीत ‘इथेच राहणार’ असं सांगण्यापेक्षा सहा किंवा बारा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट घेणं प्रामाणिक आहे. तिथे किती दिवस टिकणार, हा प्रश्नच येत नाही.

कंपन्यांनीही थोडं बदलायला हवं. तुर्कस्तानातल्या एका कपड्यांच्या दुकानसाखळीतल्या विक्रेत्यांवरचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आपली पात्रता कामापेक्षा जास्त आहे असं वाटणाऱ्यांची विक्री चांगली होती. त्यांच्या नाराजीचा आणि नोकरी सोडण्याचा धोकाही, कामात निर्णयाची मोकळीक मिळाली तिथे कमी झाला. म्हणजे असा माणूस टिकेल की नाही, हे निम्मं त्याला कसं वागवलं जातं यावर ठरतं. फिल्टर लावून सतरा वर्षांचा माणूस यादीतूनच गायब करणाऱ्या कंपनीला हे कधी कळणारच नाही. दहा मिनिटांच्या फोनवर ‘हीच जागा का?’ एवढं विचारलं, तर कळू शकतं. उमेदवाराने मात्र त्या प्रश्नाची वाट पाहू नये. उत्तर आधीच लिहून पाठवावं.