आधी वर्णन, मग नाव

(विज्ञान दिनानिमित्त शंकर नगर, रायपूर येथे केलेले भाषण)



आकाशातून घेतलेले हे छायाचित्र दाखवताच कोणी ‘तळे’ म्हणाले, तर कोणी ‘ज्वालामुखी’. अनोळखी वस्तूला असे घाईने नाव देऊ नये, असे माझे मत आहे. एकदा नाव दिले की त्या नावाला जुळेल तेवढेच डोळ्यांना दिसू लागते. म्हणून आपण या वस्तूचे क्रमाने वर्णन करू.

प्रथम प्रकाश पाहावा. झाडांच्या सावल्या ज्या बाजूला पडल्या आहेत, त्याच्या विरुद्ध बाजूला सूर्य असतो. सूर्याकडची उतरण सावलीत आणि समोरची उजेडात असेल, तर तो खड्डा होय. टेकडीत याच्या उलट दिसते. ही तपासणी केली नाही, तर खड्डाही टेकडीसारखा भासू शकतो. आपल्या चित्रात खड्डा आहे.

मग आकारमान पाहावे. चित्राखालील मापपट्टीने मोजता खड्ड्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर भरतो. त्यानंतर आकृती पाहावी. खड्डा जवळजवळ वर्तुळाकार आहे, त्याची कड भोवतालच्या जमिनीहून उंच आहे आणि तळाशी पाणी आहे.

रंग शेवटी पाहावा, कारण तो बदलतो. याच पाण्याचा रंग जून २०२० मध्ये क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झाला होता.

आता नाव सांगतो. हे महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर आहे. भोवतालचा सारा खडक लाव्हापासून बनलेला असल्यामुळे अनेक अभ्यासकांनी पूर्वी या खड्ड्याला ज्वालामुखीचे मुख मानले. हे अनुमान अगदी स्वाभाविक होते. परंतु वर्तुळाकार खड्डा आणि उंच कड या खुणा अशनीच्या आघातानेही निर्माण होतात. यांतील खरे कारण कोणते, हे केवळ छायाचित्रावरून ठरवता येत नाही.

त्यासाठी खडकच तपासावा लागला. लोणारच्या खडकात मॅस्केलिनाइट नावाची काच आढळल्याचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. प्रचंड आघाताचा दाब पडला की खडकातील फेल्डस्पार या खनिजाची अशी काच होते. ज्वालामुखीत एवढा दाब निर्माण होत नाही. त्यामुळे हा खड्डा अशनीच्या आघाताने झाला, हे सिद्ध झाले.

कोणी म्हणेल, जाणकार माणूस एका दृष्टिक्षेपात वस्तू ओळखतो. ते खरे आहे; पण ती वस्तू त्याने अनेकदा पाहिलेली असते. अनोळखी वस्तूपुढे जाणकारही आपल्यासारखाच नवखा असतो.

तेव्हा वहीच्या पानावर दोन रकाने आखा. एकाला ‘दिसते’ आणि दुसऱ्याला ‘वाटते’ असे शीर्षक द्या. ‘उंच कड’ हे शब्द पहिल्या रकान्यात जातील आणि ‘ज्वालामुखी’ हा दुसऱ्या. दुसऱ्या रकान्यातील शब्द पहिल्यात नेण्यापूर्वी त्यासाठी कोणता पुरावा लागेल, हे त्याच्यासमोर लिहा.