धनादेश वटला, मग दंड कशाचा?

महिनाअखेरीस बँकेचा खातेउतारा खतावणीशी ताडून पाहताना कधी कधी एक छोटीशी नोंद आढळते. गिऱ्हाइकाचा धनादेश जमा झालेला असतो, रक्कमही पूर्ण मिळालेली असते. परंतु त्याच धनादेशापोटी ‘चेक रिटर्न चार्जेस’ म्हणून काही रुपये वजा झालेले असतात. मुनीमजी ती रक्कम बँकखर्चात टाकून मोकळे होतात. ती परत मागता येते का, याचा विचार आज करू.

जालन्याच्या नव्या मोंढ्यातील एका पेढीचे उदाहरण घेऊ. समजा, परतूरच्या गिऱ्हाइकाने दिलेला ८४,६०० रुपयांचा धनादेश पेढीने सोमवारी आपल्या बँकेत भरला. तो परत आला. बुधवारी बँकेने तोच धनादेश पुन्हा पाठविला आणि तो वटला. मात्र सोमवारच्या तारखेला १५० रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे २७, असे १७७ रुपये खात्यातून गेले.

अशा वेळी बहुतेक व्यापारी शाखेत जाऊन म्हणतात, “धनादेश तर वटला, मग शुल्क कशाचे?” हा युक्तिवाद स्वाभाविक असला, तरी पुरेसा नाही. शुल्क धनादेशाच्या अंतिम निकालावर नव्हे, तर पहिल्या वेळी तो परत येण्यावर आकारलेले असते. म्हणून खरा प्रश्न असा विचारावयाचा : तो पहिल्या वेळी कोणत्या कारणाने परत आला?

या प्रश्नाचे उत्तर बँकेच्या ‘चेक रिटर्न मेमो’मध्ये असते. त्यावर परतीची तारीख, कारण आणि त्याचा संकेतांक दिलेला असतो. धनादेश बँकेने परस्पर पुन्हा पाठविला असल्यास हा मेमो बहुधा आपल्या हाती आलेलाच नसतो; म्हणून आधी त्याची प्रत मागावी.

समजा, मेमोवर ३९ हा संकेतांक आहे. त्याचा अर्थ, धनादेशाची प्रतिमा स्पष्ट नाही. आता मूळ कागद दुसऱ्या बँकेकडे जात नाही. आपण भरणा केलेल्या बँकेतच त्याचे स्कॅनिंग होते आणि केवळ प्रतिमा पुढे जाते. तेव्हा प्रतिमा धूसर निघाली, तर त्यात भरणा करणाऱ्याचा काय दोष? रिझर्व्ह बँकेने मे २०१३ मध्ये सर्व बँकांना बजावले आहे, की ग्राहकाची चूक असेल आणि तोच परतीस जबाबदार असेल, तरच शुल्क घ्यावे. ग्राहकाचा दोष मानू नये अशा कारणांची यादीही सोबत दिली आहे. ३९ हा संकेतांक तीत आहे. शिवाय असा धनादेश ग्राहकाला न विचारता, सुट्ट्या वगळून चोवीस तासांच्या आत, लगतच्या क्लिअरिंगमध्ये पुन्हा पाठवावा आणि ग्राहकास एसएमएस किंवा ईमेलने कळवावे, असेही म्हटले आहे.

याउलट मेमोवर ०१, म्हणजे ‘खात्यात पुरेशी शिल्लक नाही’, असे कारण असेल, तर मार्ग वेगळा आहे. गिऱ्हाइकाने दोन दिवसांनी पैसे भरले व धनादेश वटला, तरी हे कारण त्या यादीत नसल्याने शुल्क परत करण्यास बँक सहसा तयार होत नाही. अशा वेळी बँकेशी वाद घालण्यापेक्षा ते १७७ रुपये गिऱ्हाइकाच्या खाती नावे टाकून त्याच्याकडून मागणे अधिक रास्त होय.

मागणी मात्र तोंडी करू नये. शाखाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्यावा :

“आमच्या चालू खात्यात भरलेला धनादेश क्रमांक अमुक, रक्कम रु. ८४,६००, हा दिनांक अमुक रोजी संकेतांक ३९ या कारणाने परत येऊन दिनांक अमुक रोजी वटला. परतीचे कारण आमच्या चुकीमुळे उद्भवलेले नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार अशा परतीवर ग्राहकाकडून शुल्क घेता येत नाही. तरी शुल्क रु. १५० व जीएसटी रु. २७, एकूण रु. १७७, खात्यात जमा करावेत.”

सोबत मेमोची प्रत आणि दोन्ही नोंदी दाखविणारा उतारा जोडावा. दुसऱ्या प्रतीवर पोच, शिक्का व तारीख घ्यावी. कारण पुढची मुदत याच तारखेपासून मोजली जाते. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर cms.rbi.org.in या संकेतस्थळावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क नाही. परंतु आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली नसल्यास लोकपाल ती दाखल करून घेत नाहीत.

पैसे परत आले, की मूळ बँकखर्चाची नोंद उलट करावी आणि त्या २७ रुपयांचे जीएसटी क्रेडिट आपण घेतले असल्यास तेही उलटावे. मेमोची प्रत त्या महिन्याच्या उताऱ्यास जोडून ठेवावी, म्हणजे हिशेबनीसास दोन्ही नोंदींचा मेळ सहज लागेल.