रिफंडमधील वजावट: परतीचे कारण काय नोंदवले?

ऑनलाइन खरेदीच्या रिफंडमधून कापल्या जाणाऱ्या रकमा मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. एक, माल पोचवताना घेतलेला डिलिव्हरी चार्ज, जो परत दिला जात नाही. दुसरी, माल घरून उचलून नेण्याचा पिकअप चार्ज, जो नव्याने लावला जातो. ग्राहकाला खात्यात फक्त कमी जमा झालेला आकडा दिसतो. तक्रार लिहिण्याआधी या दोन्ही रकमा वेगळ्या काढाव्या लागतात, कारण दोन्हींविरुद्धचा युक्तिवाद एक नाही.

मन बदलले म्हणून कोणतीही वस्तू ठरावीक दिवसांत परत करण्याचा सरसकट हक्क भारतीय कायद्याने ऑनलाइन ग्राहकाला दिलेला नाही. अशी परतफेड विक्रेत्याच्या धोरणावर चालते आणि त्या धोरणात पिकअप चार्ज असू शकतो. मात्र ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मधील नियम ६ नुसार परतीच्या वाहतुकीचा खर्च किती व कसा, ही माहिती विक्रेत्याने स्पष्ट आणि सहज सापडेल अशी द्यायची असते. स्वतःचाच माल विकणाऱ्या कंपन्यांवर नियम ७ तेच बंधन घालतो. त्यामुळे रंग आवडला नाही म्हणून परत केलेल्या वस्तूबाबतही, खरेदीच्या वेळी न दाखवलेला चार्ज रिफंडच्या वेळी उगवला, तर त्याला हरकत घेता येते. पैसे भरताना किंमत टप्प्याटप्प्याने किंवा लपवून उघड करणे हा प्रकार २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही मोडतो.

माल सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर गोष्ट पूर्ण बदलते. अशा वेळी माल परत घेण्यास किंवा घेतलेला मोबदला परत करण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, असे नियम ६ सांगतो. वजावटीचा शब्द त्यात नाही. पण मोबदल्यातला काही भाग अडवणे म्हणजे तेवढ्यापुरता नकारच, हा युक्तिवाद भक्कम आहे. डिलिव्हरी चार्ज मोबदल्यात धरायचा का, यावर विक्रेते वाद घालतात. त्यावर उत्तर त्याच नियमात आहे: डिलिव्हरीसह सर्व आकारांची एकूण किंमत एका आकड्यात दाखवायची असते. ग्राहकाने भरलेला मोबदला तो हाच.

एक नमुना प्रकरण पाहू. १,२९९ रुपयांची साडी, ७९ रुपये डिलिव्हरी, एकूण १,३७८ रुपये. वेबपेजवर कापड ‘कॉटन’ लिहिलेले, आलेल्या साडीच्या लेबलवर ‘पॉलिएस्टर’. परत करताना ॲपने कारणांची यादी दाखवली आणि ग्राहकाने घाईत ‘आवडले नाही’ निवडले. जमा झाले १,१५० रुपये. म्हणजे २२८ रुपये कापले: ७९ डिलिव्हरीचे आणि १४९ पिकअपचे. सगळी गोम त्या एका निवडीत आहे. कंपनीच्या नोंदीत ही मन बदलल्याची परतफेड ठरली आणि वजावट आपोआप झाली. प्रकरण हातून गेलेले मात्र नाही. वेबपेजचा स्क्रीनशॉट, लेबलचा फोटो आणि बिल जोडून खरे कारण लेखी कळवले, तर चुकीची नोंद खोडून काढता येते. पिकअप होण्याआधी लेबलचा फोटो काढलेला नसेल, तर बाजू बरीच लंगडी पडते. माल एकदा विक्रेत्याकडे गेला की पुरावाही त्याच्याच ताब्यात जातो.

साइजची तक्रार याहून नाजूक असते. लेबलवर ‘M’ असून माप साइज चार्टशी जुळत नसेल, तर तो वर्णनातला दोष. टेप लावून काढलेला फोटो इथे पुरतो. माप चार्टप्रमाणेच असेल आणि अंगाला बसत नसेल, तर वजावटीविरुद्ध फारसे काही उरत नाही.

पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करावी. त्याने ४८ तासांत पोच आणि एक महिन्यात निकाल द्यायचा असतो. तक्रारीत दोन्ही रकमा, परतीचे खरे कारण आणि मागणी स्वतंत्र ओळींत असावी. बिल विक्रेत्याचे आणि डिलिव्हरी चार्ज मार्केटप्लेसचा असेल, तर दोघांनाही कळवावे, नाहीतर दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. पुढची पायरी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. एवढ्या रकमेची बहुतेक प्रकरणे इथेच मिटवलेली बरी.

जिल्हा आयोगात जायचेच असेल, तर ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. तक्रार अनुचित व्यापारी प्रथा व सेवेतील त्रुटी म्हणून मांडावी. अटच अन्याय्य आहे म्हणून ‘अनुचित करार’ असा दावा केला, तर तो २०१९ च्या कायद्याप्रमाणे जिल्हा नव्हे, राज्य आयोगापुढे जातो, आणि २२८ रुपयांसाठी तिथवर जाणारा ग्राहक विरळा.