घंटा वाजायच्या आधीची नऊ मिनिटं

तुमच्या शाळेतलं मॉक ड्रिल आठवतंय? सर आदल्या दिवशीच सांगून ठेवायचे, "उद्या अकरा वाजता घंटा होईल, घाबरू नका." अकराला घंटा व्हायची. आपण हसत-ढकलत रांगेत बाहेर यायचो, मैदानावर उभं राहायचो, मोजणी व्हायची, फोटो निघायचा. कुणीतरी घड्याळ बघून म्हणायचं, "तीन मिनिटं! छान!" आणि सगळे परत वर्गात.

माझं म्हणणं असं की महाड-पोलादपूरच्या शाळांना हे ड्रिल फारसं उपयोगाचं नाही. मुलं शिस्त पाळत नाहीत म्हणून नव्हे. घड्याळ चुकीच्या ठिकाणी सुरू होतं आणि मुलं चुकीच्या ठिकाणी जाऊन थांबतात, म्हणून.

मैदानात जमायची पद्धत आग आणि भूकंपासाठी ठीक आहे. तिथे धोका इमारतीत असतो, म्हणून इमारतीपासून लांब जायचं. आपल्याकडे धोका वरून येतो, नाहीतर नदीतून. 2005 च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते आणि पोलादपूरकडे कोंढवी इथे दरडी आल्या. 22 जुलै 2021 ला तळियेत डोंगर खाली आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच वेळी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत दरडी कोसळल्या आणि महाड शहर पाण्यात होतं. 22 जुलैला गुरुवार होता, म्हणजे एरवी शाळेचा दिवस. कोविडमुळे बहुतेक वर्ग बंद होते. ते बंद नसते तर काय झालं असतं, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

आता एक शाळा कागदावर मांडू. ती खरी नाही, पण अशा शाळा तुम्ही पाहिल्या असतील. डोंगराच्या पायथ्याला पहिली ते सातवी, पटावर 62 मुलं, तीन शिक्षक आणि खिचडी करणाऱ्या एक मावशी. चार खोल्यांची बैठी इमारत. मागे उतार, एका बाजूला नाला, पुढे मैदान. मुलांची वाडी खालच्या अंगाला. दुसऱ्या बाजूला, नाला न ओलांडता जाता येईल अशा घट्ट उंचवट्यावर, साडेतीनशे मीटरवर देऊळ.

दरडीचा चिखल बहुतेक वेळा नाल्याच्या वाटेनेच उतरतो आणि सपाटी मिळाली की पसरतो. इथे ती सपाटी म्हणजे शाळेचं मैदान. म्हणून या शाळेत मैदानात जमायचं नाही, आणि नाल्याच्या कडेने खालीही पळायचं नाही. आडवं जायचं, देवळाकडे. ही जागा शिक्षकांनी अंदाजाने ठरवू नये. तालुक्याच्या आपत्ती कक्षाकडून आणि भूवैज्ञानिकांच्या पाहणीवरून ती पक्की करून घ्यावी. आग लागली तर मात्र मैदानच बरोबर. तेव्हा घंटा दोन प्रकारची हवी. आगीसाठी सलग, दरडीसाठी तीन-तीन ठोके. पहिलीतल्या पोरालाही फरक कळला पाहिजे.

आता वेळ मोजू. चार खोल्या रिकाम्या व्हायला दोन मिनिटं. पावसात, ओल्या पायवाटेवर पहिलीतलं मूल सेकंदाला पाऊण मीटर चाललं तरी खूप. म्हणजे देवळापर्यंत जवळजवळ आठ मिनिटं. एकूण दहा. आणि दरड सुटली की शाळेपर्यंत यायला काही सेकंद, फार तर मिनिटभर.

हिशेब जमत नाही ना? तोच मुद्दा आहे. दरड दिसल्यावर कितीही वेगाने पळालं तरी ही शाळा वाचत नाही. ती वाचते ती दरडीच्या आधी निघाली तरच. म्हणून स्टॉपवॉच घंटेला नव्हे, पहिली खूण दिसल्यावर सुरू झालं पाहिजे.

खुणा गावातल्या म्हाताऱ्या माणसांना माहीत असतात. नाल्याचं पाणी एकदम गढूळ होतं. किंवा पाऊस धो धो चालू असताना नाल्याचं पाणी अचानक कमी होतं, म्हणजे वर कुठेतरी ते अडलंय. उतारावर नवी भेग पडते, नसलेल्या जागी झरा फुटतो, खांब आणि झाडं कलतात, दार चौकटीत अडकायला लागतं, डोंगरातून घरघर ऐकू येते. जोराच्या पावसात यातली एक जरी खूण दिसली तरी निघायचं.

मग असं ड्रिल करून बघू. अकरा वाजता निरीक्षक मावशींच्या हातात चिठ्ठी देतो, "नाल्याचं पाणी गढूळ झालंय." बाकी कुणाला काही माहीत नाही. मावशी हेडसरांना शोधतात. सर फोनवर. फोन संपल्यावर ते म्हणतात, "थांबा, बघून येतो." निर्णय 11:07 ला. घंटेचा टोला कपाटात, कपाटाला कुलूप, म्हणून घंटा 11:09 ला. शेवटचं मूल खोलीबाहेर 11:11. सगळी देवळाशी 11:19. मोजतात तर 57. सकाळी हजेरी 58 ची. एक पोरगं कुठाय? पाच मिनिटांनी कळतं, पोटात दुखतंय म्हणून ते साडेदहालाच घरी गेलं होतं. 11:24 ला हिशेब लागला.

जुन्या पद्धतीने या शाळेने लिहिलं असतं, "दोन मिनिटांत शाळा रिकामी." खरा आकडा चोवीस. त्यातली नऊ मिनिटं घंटेच्या आधी गेली आणि पाच एका न लिहिलेल्या मुलापायी. मधल्या दहा मिनिटांत मुलांनी काहीच चुकवलं नाही.

घंटेआधीची ही मिनिटं किती महाग पडतात ते जपानमधल्या ओकावा शाळेने दाखवलं. 11 मार्च 2011 ला दुपारी 2:46 ला भूकंप झाला. मुलं शिस्तीत मैदानात आली, रांगा लागल्या, मोजणी झाली. पुढे कुठे जायचं हे ठरेना. शाळेच्या मागेच टेकडी होती. त्सुनामीचं पाणी शाळेत 3:37 ला आलं. पन्नासेक मिनिटं हातात होती आणि त्यातली बहुतेक मैदानातच गेली. 74 मुलं आणि 10 शिक्षक गेले. पालक कोर्टात गेले. 2018 मध्ये सेंदाईच्या उच्च न्यायालयाने ठपका ठेवला तो आधीच्या तयारीवर. आराखड्यात नेमकी सुरक्षित जागा ठरवलेलीच नव्हती. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयातही तो निकाल टिकला.

मग आपल्या कागदावरच्या शाळेने काय बदलायचं? पहिलं म्हणजे घंटेचा अधिकार. खूण जो बघेल तो घंटा वाजवेल, मावशी असोत की सातवीतली मुलगी. परवानगी नाही, आणि घंटा खोटी ठरली तर ओरडा नाही. "मग पोरं रोज घंटा वाजवतील," असं शिक्षक म्हणतील. वाजवू देत एखाद-दोनदा. एका खोट्या घंटेची किंमत अर्ध्या तासाचा अभ्यास. टोला कपाटात नव्हे, घंटेलाच बांधलेला.

दुसरं म्हणजे कामं. आराखड्याच्या छापील तक्त्यात पाच-सहा समित्या असतात. तीन शिक्षकांच्या शाळेत त्या बसवायच्या कुठे? आणि हेडसर तालुक्याला मीटिंगला गेले असतील तर? म्हणून काम नावाला नको, जागेला बांधा. देवळाच्या बाजूच्या खोलीतले शिक्षक रांगेच्या पुढे. लांबच्या खोलीतले सगळ्यात शेवटी, खोल्या बघत. तिसरे वाडीकडे वाट फुटते तिथे उभे, कारण घाबरलेलं पोर आईकडे, म्हणजे खाली पळतं. मावशी गॅस बंद करतात आणि संडास बघून निघतात. पाचवी ते सातवीतल्या प्रत्येकाच्या हाताला एक लहान मूल, जोडी जूनमध्येच ठरलेली. शिक्षक दोनच असतील त्या दिवशी वाटेच्या फाट्यावर गावातलं माणूस, तेही आधी ठरलेलं. पालकांनाही सांगून ठेवायचं की शाळेकडे धावू नका, पोरं देवळाशी मिळतील.

तिसरं म्हणजे दाराशी एक पाटी. त्यावर खडूने आजचा आकडा. मूल घरी गेलं की आकडा बदलायचा. निघताना पाटी उचलायची. पाच मिनिटं वाचली.

ड्रिल झाल्यावर त्याच दिवशी पंधरा मिनिटं बसायचं. आधी मुलं बोलणार, मग मावशी, शेवटी शिक्षक. उलट क्रमाने झालं तर सर "छान झालं" म्हणतात आणि विषय संपतो. पाच वेळा लिहायच्या: खूण कधी दिसली, निर्णय कधी झाला, घंटा कधी झाली, शेवटचं मूल बाहेर कधी आलं, मोजणी कधी जुळली. मग प्रत्येक अडचणीपुढे चार रकाने: काय ठरलं होतं, काय झालं, का झालं, कोण कधीपर्यंत बदलणार. शेवटचा रकाना रिकामा असेल तर ते ड्रिल झालंच नाही असं समजा. पुढचं ड्रिल न सांगता करायचं, भर जुलैत, पावसात, आणि हेडसरांना "आज तुम्ही गैरहजर" म्हणून बाजूला बसवून.

महाड शहरात गणित वेगळं आहे. सावित्रीचं पाणी तास-दोन तास आधी सांगून येतं. इथली धोक्याची पातळी साडेसहा मीटर आहे, आणि बाणकोटच्या खाडीला भरती असली की पाण्याचा निचरा होत नाही. इथे चूक होते ती "सोडून द्या शाळा" म्हणण्यात. शाळेत सुरक्षित असलेलं मूल आपण साकवावर आणि भरल्या ओढ्यावर पाठवतो. म्हणून इथे सराव करायचा तो निर्णयाचा. कितीच्या पातळीला आणि किती वाजेपर्यंतच शाळा सोडायची, त्यानंतर मुलं वरच्या मजल्यावर ठेवायची की आधीच उंचावरच्या इमारतीत न्यायची, आणि कुणाच्या सहीशिवाय मूल सोडायचं नाही.

एक मर्यादाही सांगायला हवी. प्रत्येक दरड खूण देत नाही, आणि रात्रीची दरड शाळेच्या ड्रिलला विचारत नाही. 2023 मध्ये कोसळलेली खालापूरची इर्शाळवाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हती. त्यामुळे ड्रिल चांगलं होतं म्हणून शाळा डोंगराखालीच राहू द्या, असा अर्थ कुणी काढू नये. रेड अलर्टच्या दिवशी अशा वर्गात मुलं नसणं हेच बरं.

हे सगळं शिक्षकांनी करावं आणि आपण रील बघावी, असं मला वाटत नाही. तीन शिक्षक पळत असताना वेळ लिहायला चौथा माणूस लागतो. तो कॉलेजातला असू शकतो, एनएसएसचे तास तर भरायचेच आहेत. तुमच्याच जुन्या शाळेत जा. हातात फोनचं स्टॉपवॉच आणि खिशात एक चिठ्ठी: "नाल्याचं पाणी गढूळ झालंय." ती मावशींना द्या आणि घंटा किती मिनिटांनी होते ते बघा.