टीडीएस मीटर जंतू मोजत नाही

आमच्या सूसमधल्या सोसायटीच्या ग्रुपवर उन्हाळ्यात एक फोटो हमखास येतो: टँकरच्या पाण्यात बुडवलेला टीडीएस मीटर. आकडा तीनशेच्या आत असला की खाली अंगठ्यांची रांग लागते, आणि पाणी 'चांगलं' ठरतं.

मी इंजिनियर आहे, आणि मला या फोटोचा राग येतो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. जुलाबाचे जंतू त्या आकड्यात दिसतच नाहीत. मैला मिसळलेल्या पाण्याचा टीडीएसही दीडशे येऊ शकतो.

2021 साली 23 गावं पुणे महापालिकेत आली. त्यात सूस होतं, तशीच नांदेड आणि किरकटवाडीही होती. जानेवारी 2025 मध्ये याच नांदेड-किरकटवाडीच्या पट्ट्यात गियां-बारे सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने सापडले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस मिळाले. कॅम्पिलोबॅक्टरमुळे आधी जुलाब होतात. मग काही थोड्या लोकांत, जंतूंशी लढणारी शरीराची यंत्रणा स्वतःच्याच नसांवर उलटते आणि हातपाय लुळे पडतात. त्या दिवसांत अनेक घरांनी काय केलं? आरओची सर्व्हिसिंग करून घेतली आणि निश्चिंत झाले.

आरओ कुठला रस्ता बंद करतो, ते बघा. वॅगनर आणि लॅनॉय या दोघांनी 1958 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात एक साधी आकृती दिली होती. विष्ठेतून तोंडापर्यंत जंतू पाणी, हात, माश्या आणि माती या वाटांनी जातात, कधी थेट, कधी अन्नावरून. संडास आणि नीट बांधलेली सेप्टिक टाकी या सगळ्या वाटा सुरुवातीलाच अडवतात. पण टाकी नाल्यात वाहत असेल, तर पाण्याची वाट पुन्हा उघडते. साबण हाताची वाट अडवतो, झाकण माश्यांची. आरओ अडवतो ती फक्त पाण्याची वाट, तीही स्वयंपाकघरातल्या एका नळापुरती. दात घासायचं, कोशिंबीर धुवायचं पाणी दुसऱ्याच नळाचं असतं.

शिवाय आरओमधला कार्बन फिल्टर पाण्यातला क्लोरीन काढून टाकतो. ते पाणी माठात भरलं आणि कुणी हात बुडवून पेला भरला, तर आत गेलेला जंतू मारायला तिथे काहीच उरत नाही. म्हणून वगराळं हवं किंवा तोटीचा माठ.

कॅम्पिलोबॅक्टर कच्च्या कोंबडीवरही असतो. ज्या पाटावर चिकन कापलं त्याच पाटावर काकडी कापली, तर तो आरओच्या बाजूने निघून जातो. 'आम्ही दिवसातून पाचदा वुजू करतो' हे उत्तरही पुरेसं नाही. वुजूत साबण नसतो, आणि वेळ नमाजची असते. जंतू अडवायचे तर संडासातून आल्यावर, बाळाची शी धुतल्यावर आणि जेवणाला हात लावण्याआधी साबण लागतो.

मग सोसायटीने मोजायचं काय? उरलेला क्लोरीन. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार तो लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम हवा. हिशोब सोपा आहे. 50,000 लिटरच्या टाकीला लिटरमागे 2 मिलिग्रॅम द्यायचं तर 100 ग्रॅम क्लोरीन लागतो. ताज्या टीसीएल पावडरमध्ये तो साधारण एक तृतीयांश असतो, म्हणजे पावडर 300 ग्रॅम. ती बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं आणि अर्धा तास थांबायचं. उघड्या पोत्यातली पावडर ताकद गमावते, म्हणून 'टाकली' या शब्दावर विसंबू नका. शेवटच्या मजल्यावरच्या नळाचं पाणी घेऊन क्लोरीन तपासायच्या किटने रंग बघा.

रंग आलाच नाही, तर टाकीचंही पाणी तपासा. तिथेही शून्य असेल तर मात्रा कमी पडली, किंवा पाण्यातल्या घाणीने क्लोरीन खाल्ला. टाकीत 0.5 आणि नळाला शून्य असेल तर दोष मधल्या पाइपात किंवा गच्चीवरच्या टाकीत शोधा. क्लोरीनलाही मर्यादा आहे: क्रिप्टोस्पोरिडियमसारखा जंतू त्याला दाद देत नाही, तिथे उकळणं किंवा चांगला फिल्टर लागतो. आरओ फेकून द्या असं मी म्हणत नाही.

माझं भांडण वेगळं आहे. आरओ ज्याच्या घरात आहे त्याचंच पाणी गाळतो. टाकीतला क्लोरीन वॉचमनच्या खोलीतल्या नळालाही पोहोचतो, आणि आपल्याकडे भांडी घासणाऱ्या मावशी ज्या नळाचं पाणी पितात त्यालाही. तीनशे ग्रॅम पावडरचा खर्च एका फिल्टरच्या सर्व्हिसिंगपेक्षा कितीतरी कमी आहे. तेव्हा पुढचा टँकर आला की ग्रुपवर टीडीएसचा फोटो मागू नका. विचारा: वरच्या मजल्यावर क्लोरीन किती आला?